प्रॉडक्ट मिक्सच्या प्रश्नात या चुका टाळा: पाकिटं मोजाल तर लांबी चुकेल

परळला संध्याकाळी मार्केटिंग शिकवतो तेव्हा उदाहरणासाठी लांब जावं लागत नाही, लालबागची मसाला गल्ली शेजारीच आहे. तिथलं एक दुकान कल्पनेनं उभं करू. मसाले चार: मालवणी, गोडा, कांदा-लसूण, गरम. लोणची दोन: कैरी, लिंबू. पापड तीन: उडीद, नाचणी, पोहे. मालवणी मसाला १००, २५० आणि ५०० ग्रॅमच्या पाकिटांत, तेही तिखट आणि मध्यम अशा दोन प्रकारांत मिळतो. बाकी सगळं एकाच पाकिटात.

निम्मा वर्ग या मिक्सची, म्हणजे दुकानातल्या सगळ्या मालाची, लांबी १४ लिहितो. मालवणीची सहा पाकिटं आणि उरलेले आठ पदार्थ, झाले १४! पण ती सहा पाकिटं म्हणजे मालवणीची खोली, एकाच पदार्थाचे आकार-प्रकार. रुंदी म्हणजे प्रॉडक्ट लाइन किती, तर मसाले, लोणची, पापड अशा ३. लांबी म्हणजे सगळ्या लाइनमधले पदार्थ मिळून ४ + २ + ३ = ९, म्हणून सरासरी लांबी ३. प्रत्यक्ष गोदामात मात्र प्रत्येक पाकिटाचा वेगळा कोड असतो आणि तिथे १४ हाच आकडा चालतो. त्यामुळे काय मोजलं ते उत्तरात एका ओळीत लिहून टाका.

आता निर्णयाचा प्रश्न. मालक ५० ग्रॅमचं पाकीट काढतो, दोन्ही तिखटपणांत. खोली सहावरून आठ होते, लांबी नऊच राहते. नाव तेच, पदार्थाचा वर्गही तोच, म्हणून हे लाइन एक्स्टेन्शन. इथे ‘विक्री वाढेल’ एवढंच लिहून थांबू नका. १०० ग्रॅम नेणारं गिऱ्हाईकच ५० वर उतरलं तर नवं पाकीट जुन्याचीच विक्री खातं, आणि पॅकिंगचा खर्च वर.

त्याच नावाची बाटलीबंद सोलकढी काढली तर? ती मसाल्याऐवजी कोणी घेणार नाही, ते पेय आहे. हे ब्रँड एक्स्टेन्शन, रुंदी ४, लांबी १०. मॅगीच्या आटा नूडल्स आणि मॅगीचा केचप यांतला फरक हाच.

खरी अडचण मालवणी वाटणाच्या तयार पेस्टची. मुलं ‘नवा पदार्थ’ बघून लगेच ब्रँड एक्स्टेन्शन लिहितात. मी विचारतो, गिऱ्हाईक ही पेस्ट कशाच्या जागी घेईल? मसाल्याच्याच. म्हणजे रूप बदललं, वर्ग नाही. मी तरी लाइन एक्स्टेन्शन म्हणेन. ती वेगळा पदार्थ धरली तर लांबी एकाने वाढेल, पण रुंदी तीच.

उलटी चूकही होते: रुंदी वाढली की ब्रँड एक्स्टेन्शनच असणार, असं गृहीत धरणं. तीच सोलकढी मालकाने नव्या नावाने विकली, तर रुंदी ४ होईलच, पण ब्रँड एक्स्टेन्शन होणार नाही. जुनं नाव पुढे गेलेलंच नाही.