नानांची ‘चक्कर’ इंग्रजीत कशी सांगायची? व्हिडिओ कॉलआधीची तयारी

डॉक्टर बंगळूरला, नाना नाशिकला सिडकोत, आणि मध्ये मी, त्यांची सून. पहिल्या कॉलला मी ‘चक्कर येते’ याचं ‘व्हर्टिगो’ करून मोकळी झाले. व्हर्टिगो म्हणजे आजूबाजूचं सगळं गरगर फिरल्यासारखं वाटणं. साहजिकच डॉक्टर कानाकडे वळले आणि गोळीही त्याचीच लिहून दिली. फरक पडला नाही, कारण नानांना गरगरत नव्हतं. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. दुसऱ्या कॉलची तयारी मग आम्ही आदल्या दिवसापासून केली.

सगळ्यात आधी पेशंटला त्याच्याच शब्दांत बोलू द्यावं आणि ते मराठीतच लिहून घ्यावं. खोली फिरते का? अंधारी येते? की चालताना तोल जातो? केव्हा, किती वेळ, काय करताना? इंग्रजी शब्द नंतर शोधावा. सापडला नाही तर साधं वर्णन करावं, डॉक्टरांना तेच जास्त उपयोगी पडतं. ‘पित्त’ या शब्दाला तर फारच जपावं. ‘पित्त झालंय’ म्हणजे छातीत जळजळ, आंबट पाणी; ‘अंगावर पित्त उठलंय’ म्हणजे खाजणाऱ्या गांधी. दोन्हींना ‘ॲसिडिटी’ म्हटलं की दुसऱ्याचा घोटाळा झालाच.

दुभाषा कोण, हेही आदल्या दिवशीच ठरवावं. नाना रात्री तीनदा लघवीला उठतात, हे त्यांनी सुनेला कधी सांगितलं नसतं. सांगितलं ते नातवाला, आणि अंधारी नेमकी तेव्हाच यायची! म्हणून दुसऱ्या कॉलला तो बोलायला बसला, मी बाहेरच्या खोलीत.

औषधांची यादी आठवून करू नये. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर काढाव्यात, नाव आणि मिलिग्रॅम दिसेल असे फोटो घ्यावेत, खाली वेळ लिहावी. बीपीची गोळी आम्ही पहिल्या वेळी सांगितली होती. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन मात्र वेगळ्या डॉक्टरांची, वेगळ्या डब्यात, घरात तिचं नाव ‘लघवीची गोळी’. ती राहूनच गेली होती. या गोळीने उभं राहताना बीपी उतरू शकतं, आणि जोडीला बीपीची गोळी असली की जास्तच.

घरी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं राहून एकदा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी मोजावं. शेजारी धरायला माणूस हवाच. नानांचं आडवं असताना १४२/८४ होतं, उभं राहिल्यावर ११४/७२. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टर त्याची दखल घेतात. नातवाने तिन्ही नोंदी वेळेसकट आधीच पाठवल्या. (तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, छातीत दुखणं असेल तर कॉलची वाट बघायचीच नाही, १०८.)

कॉल लागला की पहिल्या मिनिटात तीन गोष्टी सांगाव्यात: पेशंटचं नाव आणि वय, मी कोण, आणि ‘प्लीज, एका वेळी दोनच वाक्यं, मग मी सांगतो.’ लांबलचक बोलणं डोक्यात राहत नाही, अर्धं गळतं. पेशंट म्हणाला ‘मला अंधारी येते’ तर इंग्रजीतही ‘मला’च म्हणावं, ‘ही सेज’ सुरू झालं की आपण नकळत सारांश करायला लागतो. स्वतःचं काही सांगायचं असेल तर ‘हे माझं मत’ असं म्हणून सांगावं. कॅमेरा पेशंटवर ठेवावा, स्वतःवर नको. घरातल्या बाकीच्यांनी मधे बोलू नये (हे आमच्याकडे सगळ्यात अवघड गेलं).

प्रश्न तीनच न्यावेत, महत्त्वाचा पहिला. आमचा पहिला प्रश्न होता, ‘या दोन गोळ्या एकत्र चालतील का?’ त्यावर डॉक्टरांनी बीपीची गोळी रोज अर्धी करायला सांगितली, आठवडाभराच्या नोंदी मागितल्या, आणि रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायला सांगितलं.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवावीत. ‘कळलं ना?’ विचारू नये, आपली माणसं ‘हो हो’च म्हणतात. ‘उद्यापासून काय करायचं ते सांगा’ म्हणावं, आणि ते उत्तर डॉक्टरांना पुन्हा इंग्रजीत ऐकवावं. नाना म्हणाले, ‘अर्धी गोळी, दिवसाआड.’ नातवाने तसंच ऐकवलं, आणि तिकडून लगेच आलं, ‘नो, नो, एव्हरी डे.’