मजकूर ‘कॉपी’ ठरवून पेमेंट अडवलंय? उत्तर देताना या चुका टाळा

लेख देऊन आठवडा झालेला असतो, इन्व्हॉइसही गेलेलं असतं आणि मग मेल येतो: “तुमचा ३४ टक्के मजकूर कॉपी केलेला निघाला, त्यामुळे पेमेंट होणार नाही.” सोबत कुठल्याशा टूलचा एक स्क्रीनशॉट. त्यात लाल गोल आणि आकडा, बाकी काही नाही.

पहिली चूक इथेच होते. लेखक त्या आकड्यालाच उत्तर देत सुटतो. “मी इतकी वर्षं लिहितेय, माझ्यावर असा आरोप आजवर कुणी केला नाही” अशा मेलमध्ये राग खरा असतो, पण त्यात तपासण्यासारखं काहीच नसतं. उलटही घडतं. पेमेंट लटकू नये म्हणून “माफ करा, अख्खा लेख पुन्हा लिहून देते” असं कळवलं जातं. क्लायंटच्या लेखी ती कबुलीच, आणि पुढे वाद वाढला तर तोच मेल समोर ठेवला जातो.

टूल चोरी शोधत नाही, जुळणी शोधतं. शब्दांची सलग माळ दुसरीकडे सापडली की तो भाग रंगवतं. अवतरण, कायद्याचं कलम, उत्पादनाचं नाव, ठरलेली व्याख्या हे त्याला सेटिंग केल्याशिवाय वेगळं कळत नाही. म्हणून सगळ्यात आधी दोन ओळींचा मेल पाठवून पूर्ण रिपोर्ट मागायचा: कोणत्या पत्त्यांशी जुळणी आहे, नेमकी कोणती वाक्यं जुळली, तपासणी कोणत्या तारखेची, अवतरणं वगळली होती का. तारीख का हवी, ते पुढे येईलच.

दुसरी चूक म्हणजे आकड्याला आकड्याने उत्तर देणं. आपण वेगळ्या टूलमध्ये लेख टाकतो, ४ टक्के येतात आणि तो स्क्रीनशॉट विजयाच्या थाटात पाठवतो. दोन टूल वेगवेगळा साठा धुंडाळतात, सलग किती शब्द जुळले की मोजायचं हेही वेगळं ठरवतात. त्यामुळे दोघांचे आकडे जुळणार नाहीतच. क्लायंट म्हणणार, माझं टूल बरोबर. त्याच्याच रिपोर्टमधल्या जुळण्या एकेक करून उलगडणं हा खरा उपाय.

एक उदाहरण सोडवून बघू. लेख १,२०० शब्दांचा, जुळणी ३४ टक्के, म्हणजे ४०८ शब्द. पूर्ण रिपोर्ट उघडल्यावर दिसतं की त्यातले २३० शब्द एकाच पत्त्याशी जुळतात आणि तो पत्ता staging ने सुरू होऊन क्लायंटच्याच डोमेनवर संपतो. त्यांच्या टीमने लेखाचा पहिला भाग चाचणी-साइटवर चढवला, ती साइट सर्च इंजिनपासून लपवायची राहिली आणि चार दिवसांनी केलेल्या तपासणीत लेख स्वतःशीच जुळला! ९६ शब्द एका नियमावलीतल्या उताऱ्याचे, तो अवतरणचिन्हांत आणि स्रोतासह आहे. ५२ शब्द उत्पादनांची नावं आणि प्रश्नांचे मथळे, जे ब्रीफमध्ये जसेच्या तसे वापरायला सांगितले होते. उरले ३० शब्द, म्हणजे अडीच टक्के: व्याख्येची दोन वाक्यं, जी या विषयावरच्या बहुतेक लेखांत थोड्याफार फरकाने अशीच असतात.

याचा चार ओळींचा तक्ता करायचा. जुळलेला मजकूर, कुठे जुळला, किती शब्द, कारण. उत्तराचा मेल मग आपोआप छोटा होतो:

“नमस्कार,
आपल्या रिपोर्टमधली प्रत्येक जुळणी तपासून तक्ता सोबत जोडला आहे. ४०८ पैकी २३० शब्द आपल्याच चाचणी-साइटवर चढवलेल्या याच लेखाचे आहेत. १४८ शब्द स्रोतासह दिलेलं अवतरण आणि ब्रीफमधले मथळे व नावं यांचे आहेत. उरलेली दोन वाक्यं सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या व्याख्येची आहेत, हवं असल्यास त्यांची रचना बदलून देते. लेख कसा तयार झाला त्याचा पुरावाही सोबत आहे. तक्त्यातली कोणती नोंद आपल्याला मान्य नाही, ते येत्या शुक्रवारपर्यंत कळवावं. हरकत नसल्यास इन्व्हॉइस ठरलेल्या मुदतीत चुकतं करावं.”

या मेलमध्ये “मी प्रामाणिक आहे” हे वाक्य नाही. वाद कोणत्या नोंदीवर आहे ते सांगण्याची पाळी आता क्लायंटची आहे, आणि त्याला तारीखही दिली आहे. वकिलाची भाषा पहिल्याच मेलमध्ये नको. मुळात गैरसमज असेल तर तो मिटायची वाट तिथेच बंद होते.

आता पुरावा. सर्वांत जास्त गडबड इथे होते. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर File > Version history > See version history मध्ये लेख कसकसा वाढत गेला ते वेळेसकट दिसतं. पण फाइलची फक्त वाचण्याची लिंक पाठवली तर क्लायंटला हा इतिहास दिसत नाही, त्यासाठी संपादनाची परवानगी लागते. ती दिली तर फाइलमध्ये ढवळाढवळ करायची मुभाही दिली. म्हणून काहीजण Make a copy करून ती प्रत पाठवतात. प्रतीबरोबर जुना इतिहास जातच नाही, त्यामुळे सगळा लेख आज एका झटक्यात अवतरल्यासारखा दिसतो आणि संशय बळावतो. आधी ऑफलाइन लिहून नंतर डॉक्समध्ये एकदम पेस्ट केलं असेल तरी हेच चित्र दिसतं. अशा वेळी आधी ज्या फाइलमध्ये लिहिलं, तिचे जतन केलेले जुने ड्राफ्ट असतील तर ते दाखवावेत.

सोपा मार्ग असा: मूळ फाइल स्वतःकडेच ठेवून इतिहासाचं पान उघडायचं, पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकेकीवर क्लिक करत स्क्रीन रेकॉर्ड करायची. खोडलेलं वाक्य, हलवलेला परिच्छेद, अर्धवट सोडलेला मथळा हे सगळं त्यात येतं. माझ्या मते याइतकं बोलकं दुसरं काही नाही, कारण कॉपी केलेला मजकूर असा अडखळत येत नाही. जागा वाचवण्यासाठी जुन्या नोंदी कधीकधी एकत्र केल्या जातात, तेव्हा महत्त्वाच्या टप्प्यांना नाव देऊन ठेवावं आणि आरोप आल्यावर रेकॉर्डिंग लगेच करावं. सोबत ब्रीफचा मेल, टिपणं आणि ड्राफ्ट पाठवल्याचा मेल जोडला की तारखांची साखळी पूर्ण होते.

याच साखळीचा उपयोग दुसऱ्या एका प्रकारातही होतो. कधी आपला अख्खा लेख भलत्याच साइटवर सापडतो आणि तिथली तारीख आपल्या आधीची असते. लगेच हबकायचं नाही. पानावरची तारीख साइटचा मालक हवी ती टाकू शकतो. ते पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संग्रहात शोधावं. तिथली पहिली नोंद आपल्या लेखानंतरची असेल तर ती आपल्या बाजूची, पण एकटी निर्णायक नाही, कारण प्रत्येक पान प्रकाशित होताच टिपलं जातं असं नाही. खरा भार पडतो तो ड्राफ्ट पाठवल्याच्या मेलवर.

शेवटी एक गोष्ट तपासायची राहून जाते: क्लायंटने तो ‘चोरलेला’ लेख स्वतःच्या साइटवर छापलाय का? छापला असेल तर मेल पाठवण्याआधी ते पान वेबॅक मशीनमधलं Save Page Now वापरून साठवायचं आणि तारखेसह स्क्रीनशॉट घ्यायचा. मेलमध्ये शेरेबाजी न करता एवढंच लिहायचं: “लेख अमुक तारखेपासून आपल्या साइटवर प्रकाशित आहे, त्याची नोंद सोबत जोडली आहे.”