'नॉन' या एका शब्दाने माझे हजार रुपये घेतले: सबमिट झालेल्या फॉर्ममधली चूक

सरळसेवेचा फॉर्म कसा भरायचा, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. फोटो किती केबीचा, सही काळ्या पेनाने की निळ्या, यावर शेकडो व्हिडिओ आहेत. मी लिहितेय ते COMPLETE REGISTRATION दाबल्यानंतर पोटात गोळा येतो, त्या वेळेबद्दल.

माझा प्रवर्ग ओबीसी. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र फाइलमध्ये होतं, मुदतीतलं होतं. फॉर्ममध्ये प्रश्न आला, 'आपण नॉन-क्रिमीलेअर गटात मोडता का?' अभ्यासिकेत रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि मी मनात वाचलं, 'आपण क्रिमीलेअरमध्ये मोडता का?' आपण कुठले क्रिमीलेअर, वडिलांची चार एकर कोरडवाहू! दाबलं 'नाही'. म्हणजे आरक्षणावरचा हक्क मीच सोडून दिला. प्रिव्ह्यूच्या पानावर ते 'नाही' दिसत होतं, पण तिथे मी नावाचं स्पेलिंग तपासत बसले होते.

आता खरी गोष्ट ऐका. पोर्टलने मला चूक सांगितली होती. त्या जाहिरातीत शुल्क खुल्या प्रवर्गाला १००० आणि मागासवर्गीयांना ९०० रुपये होतं. माझ्यासमोर आले १०००. मला वाटलं, वरचे शंभर पेमेंटवाल्यांचे असतील. भरून टाकले!

यावर जरा जास्तच बोलणार आहे, कारण माझं सगळं नुकसान या एका पानावर झालं. शुल्काचा आकडा तुम्ही टाकत नाही. तुम्ही दिलेल्या उत्तरांवरून पोर्टल तो काढतं. म्हणजे पोर्टलने तुम्हाला कोणत्या प्रवर्गात धरलंय, ते तिथे रुपयांत लिहून आलेलं असतं. जाहिरातीतलं तुमच्या प्रवर्गाचं शुल्क आधी कागदावर लिहून ठेवा. पडद्यावरचा आकडा वेगळा दिसला तर पैसे भरू नका, तिथेच थांबा. अशा बहुतेक भरत्यांत शुल्क न भरलेला अर्ज अपूर्ण धरतात. तो तसाच सोडून नवीन नोंदणी करता येते, आणि गेला तर तुमचा अर्धा तास जातो. पैसे भरले की तोच चुकीचा अर्ज पूर्ण आणि वैध होतो. फक्त एक बघा, काही पोर्टल तोच ईमेल किंवा मोबाइल नंबर दुसऱ्यांदा घेत नाहीत. घरातल्या कुणाचा तरी नंबर लागेल, आणि तो निकालापर्यंत चालू राहायला हवा.

मला चूक कळली दुसऱ्या दिवशी, प्रिंट काढताना. अर्जाची मुदत संपायला पाच दिवस होते. त्यातले चार मी मदत कक्षाच्या उत्तराची वाट बघण्यात घालवले. उत्तर आलं ते दोन ओळींचं, अर्ज सादर झाल्यावर बदल करता येणार नाही. हे जाहिरातीतच छापलेलं होतं. मेल जरूर करा, तारखेसह पुरावा राहतो. पण त्याच्या भरवशावर मुदत घालवू नका.

त्या चार दिवसांत सल्ले मात्र भरपूर मिळाले. सायबर कॅफेवाले काका म्हणाले, दोनशे दे, आतून एडिट करून देतो. आतून काही होत नसतं. आपल्याकडे जे पान उघडतं तेच त्यांच्याकडे उघडतं, आणि वर तुमचा पासवर्ड त्यांच्या वहीत जातो. अभ्यासिकेतले सीनियर दादा म्हणाले, डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला बघू. दादांबद्दल आदर आहे, पण सहा वर्षं तयारी केलेल्या माणसाला जाहिरात वाचायची सवय राहत नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय.

कागदपत्र तपासणीला काय सुटतं आणि काय नाही, याची माझी विभागणी सोपी आहे. नावातलं एखादं अक्षर, लग्नानंतर बदललेलं नाव, पत्त्यातली चूक ही माहिती झाली. प्रतिज्ञापत्र, राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र दाखवून बरेचदा निभावतं. अशा चुकीसाठी रात्र जागू नका, खरंच. प्रवर्ग, समांतर आरक्षण, वयाची सवलत हे मात्र दावे. केलेला दावा सिद्ध झाला नाही तर तो जातो, पण न केलेला दावा मागून जोडता येत नाही. मी 'नाही' म्हटलं होतं. प्रमाणपत्र टेबलावर आपटलं असतं तरी माझी गणना खुल्यातच झाली असती.

म्हणून उरला एकच रस्ता, मुदतीत दुसरा अर्ज. पण त्याआधी जाहिरातीतला 'एकापेक्षा अधिक अर्ज' हा परिच्छेद शोधा. कुठे शेवटचा पूर्ण अर्ज ग्राह्य धरतात, तर कुठे दुसरा अर्ज केला म्हणून उमेदवारीच रद्द करतात. माझ्या जाहिरातीत 'शेवटचा वैध अर्ज ग्राह्य, आधीचं शुल्क जप्त' असं होतं. तेव्हा आईच्या मोबाइलवर नवा अर्ज भरला. या वेळी प्रत्येक प्रश्न मैत्रिणीने मोठ्याने वाचला आणि मी उत्तर दिलं. आकडा आला ९००. तो बघून मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सगळीकडे एवढं कडक नसतं. कर्मचारी निवड आयोगाच्या अलीकडच्या जाहिरातींत मुदतीनंतर दुरुस्तीसाठी काही दिवस दिलेले असतात, पहिल्या वेळी २०० आणि दुसऱ्या वेळी ५०० रुपये घेऊन. रेल्वे भरतीत दुरुस्तीला प्रत्येक वेळी २५० रुपये लागतात, पण खातं उघडताना भरलेली माहिती आणि निवडलेलं भरती मंडळ बदलत नाही. म्हणून दुसरा अर्ज करण्याआधी जाहिरातीत दुरुस्तीची तारीख आहे का ते बघा. असेल तर दुसरा अर्ज करूच नका.

पुढे अजून एक गंमत झाली. मला हॉल तिकिटं दोन आली, एक मंगळवारचं, एक गुरुवारचं. अभ्यासिकेत आनंदीआनंद! मंगळवारी पेपर बघून ये, गुरुवारी चांगला दे. अजिबात नाही. त्याच परिच्छेदात खाली लिहिलं होतं की एकाहून अधिक वेळा परीक्षेला बसल्यास उमेदवारी रद्द. बोटाचा ठसा आणि फोटो दोन्ही दिवशी घेतात, त्यामुळे ते लपत नाही. मंगळवारी मी घरीच बसले. दोन्ही नोंदणी क्रमांक लिहून, कोणत्या अर्जावर परीक्षा देतेय ते मदत कक्षाला मेलने कळवलं. उत्तर आलं नाही, पण मेलची प्रिंट फाइलमध्ये लावली.

तपासणीच्या दिवशी टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, "तुमचे दोन अर्ज दिसतायत?" मी दुसऱ्या अर्जाची प्रिंट, ९०० ची पावती आणि ती मेल पुढे केली. त्यांनी क्रमांक जुळवले, पहिल्या क्रमांकावर गैरहजेरी आहे हे पाहिलं आणि म्हणाल्या, "नॉन-क्रिमीलेअरची मूळ प्रत द्या."