घरच्या ओव्हनवर केकच्या ऑर्डरी: खास मागणीचा भाव कसा काढावा

व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो आणि खाली एक ओळ असते: “ताई, असा दीड किलोचा केक कितीला पडेल? एगलेस. रविवारी हवाय.” फोटोत हिरवळ, सिंह, हत्ती, जिराफ, माकड आणि झेब्रा. त्या क्षणी उत्तरात एखादा गोल आकडा टाकला, तर तोटा तिथेच ठरतो. पहिल्या वर्षी मी तेच करायचे. माझा क्रीम केकचा दर तेव्हा किलोला 800 रुपये होता, म्हणून दीड किलोचे 1200 आणि थीमचे वर 200 सांगून टाकले. केक छान झाला आणि फोटोंना भरपूर लाईक मिळाले. रात्री वहीत हिशेब मांडला, तर सामानाचे 700 आणि रिक्षाचे 180 वजा जाऊन माझ्या हातात 520 उरले होते. जिराफाची मान दोनदा तुटल्यामुळे एकूण वेळ गेला होता सात तास. म्हणजे तासाला 74 रुपये, तेही मिक्सर-ओव्हनची झीज न धरता.

या लेखात तोच केक धरून भाव कसा काढायचा, ग्राहकाशी काय ठरवायचं आणि काम कोणत्या क्रमाने करायचं ते सांगते. आकडे माझ्या वहीतले आहेत. तुम्ही तुमच्या दुकानातले भाव घाला, पद्धत तीच राहील.

पहिली पायरी: फोटोच्या आधी माणसं मोजा

सगळ्यात आधी विचारा, केक किती जणांत वाटायचा आहे? हॉलमध्ये जेवणही असेल, तर माणशी 50 ग्रॅमचा तुकडा पुरतो. दीड किलोचे तीसच तुकडे होतात. इंदिरानगरच्या त्या ताईंकडे पन्नास पाहुणे होते आणि त्यांच्या डोक्यात मात्र दीड किलो पक्कं बसलं होतं. ऐनवेळी केक कमी पडला की दोष बनवणाऱ्याकडेच येतो, म्हणून हा प्रश्न भावाच्या आधी यायला हवा.

दुसरी पायरी: केक आणि सजावट वेगळी मोजा

“सामानाच्या अडीचपट किंमत लावा” असं बऱ्याच क्लासमध्ये शिकवतात. साध्या पाइनॲपल केकला हा नियम चालतो, कारण तिथे सामान आणि वेळ जवळपास एकत्र वाढतात. थीम केकला तो फसतो. पाच प्राण्यांना फाँडंट लागतं फार तर 300 ग्रॅम, म्हणजे 75 रुपयांचं. ते घडवायला मात्र दोन तास जातात. 75 च्या अडीचपट केली तरी ते दोन तास भरून निघत नाहीत.

म्हणून आता मी असं मांडते. एगलेस स्पंजला मैदा, कंडेन्स्ड मिल्कचा डबा, बटर, दूध आणि सोडा मिळून 250. व्हिपिंग क्रीम 100, अननसाचं फिलिंग आणि पाक 60. फाँडंट 75, बोर्ड आणि बॉक्स 100, रंग-काड्या 25. बेरीज 610. यावर दहा टक्के वाया जाण्याचे धरायचेच, कारण केकचा वरचा घुमट कापला जातो आणि पायपिंग बॅगेत क्रीम उरतं. विजेचे 30 धरले की सामान आणि वीज मिळून 700 होतात.

मग वेळ. भाजणं एक तास, क्रीम फेटून थर लावणं एक तास, प्राणी दोन तास, खरेदी, ग्राहकाशी बोलणं आणि भांडी मिळून दीड तास. एकूण साडेपाच. तासाला 150 धरले की 825 होतात. ओव्हनची झीज आणि इतर किरकोळ खर्चाचे 75 मिळवले की एकूण 1600. त्यावर वीस टक्के नफा, म्हणजे केक 1920 चा झाला. पोहोचवण्याचं भाडं वेगळं.

दर वेळी एवढी बेरीज करावी लागू नये म्हणून मी यातून दोन सोपे दर काढून ठेवलेत. क्रीम केक बोर्ड-बॉक्ससह किलोला 850, आणि उभा फाँडंटचा प्राणी किंवा बाहुली नगाला 130. दीड किलोचे 1275 आणि पाच प्राण्यांचे 650 मिळून 1925 होतात, लांबलचक हिशेबाच्या अगदी जवळ. फाँडंटच्या चपट्या आकृतीला, म्हणजे पान, ढग, अंक यांना, 40 घेते. नाव आणि कडेची नक्षी किलोच्या दरातच येते.

तिसरी पायरी: बजेट कमी असेल तर भाव पाडू नका, केक बदला

त्या ताईंचं बजेट दोन हजार होतं आणि पाहुणे पन्नास. त्यांनी मागितलेला केक 1925 मध्ये बसत होता, पण तो तीस जणांनाच पुरला असता. भाव कमी केला असता तरीही माणसं उरलीच असती. म्हणून मी कापायचा केक एक किलोचा सुचवला. त्यावर सिंह आणि हत्ती दोनच उभे प्राणी, बाकीचे जाड कागदावर छापून काड्यांवर लावलेले. 850 अधिक 260 अधिक छपाईचे 60, म्हणजे 1170. सोबत दीड किलोचा साधा चौकोनी केक, तोच स्पंज आणि तेच क्रीम, वर सजावट काही नाही. तो स्वयंपाकघरातच कापून प्लेटमध्ये वाढायचा. हा 600 रुपये किलोने 900 ला पडतो. एकूण 2070 रुपयांत अडीच किलो, म्हणजे पन्नास तुकडे. त्यांना हे लगेच पटलं, कारण फोटोत दिसणारा केक थीमचाच होता आणि एकही पाहुणा केकशिवाय जाणार नव्हता. माझंही नुकसान नव्हतं, कारण साध्या केकला वेळ दीडच तास लागतो.

चौकोनी केकवर मला फार विश्वास आहे. दर महिन्याला निदान दोन ऑर्डरी त्याच्यामुळे तुटता तुटता वाचतात.

चौथी पायरी: ठरलेलं सगळं एका मेसेजमध्ये लिहा

फोनवर “हो, हो” झालेलं रविवारी आठवत नाही. माझा मेसेज असा असतो:

“एगलेस व्हॅनिला-पाइनॲपल, कापायचा केक 1 किलो, उभे प्राणी 2 (सिंह, हत्ती), कागदी प्राणी 3, नाव मराठीत. सोबत साधा केक दीड किलो. फोटोसारखाच रंग येईल असं नाही, हिरवा थोडा फिका असेल. एकूण 2070, त्यातले 1035 आगाऊ. बदल बुधवारपर्यंत सांगता येईल, त्यानंतर होणार नाही. रविवारी सकाळी 10 ला घरून घ्यायचा.”

आगाऊ रक्कम निम्मी घेण्यामागे कारण आहे. ऑर्डर रद्द झाली तर त्यातून सामानाचे पैसे निघतात. त्याहून कमी घेतली की रद्द झालेला केक तुमच्या खिशातून जातो. बुधवारची मुदतही अंदाजाने ठेवलेली नाही. मी प्राणी गुरुवारी घडवते, आणि घडवलेल्या सिंहाचा वाघ होत नाही.

एगलेस केक मागणाऱ्याला घरात अंड्याचे केकही होतात का, हे न विचारता सांगा. नाशिकमध्ये बऱ्याच घरांना तोच ओव्हन, तीच भांडी चालत नाहीत. नंतर कळलं तर ते ग्राहक परत येत नाहीत, आणि त्यांचं चुकतही नाही. घरून विकायला खाद्यपदार्थांची सरकारी नोंदणी लागते, ती foscos.fssai.gov.in वर होते.

पाचवी पायरी: काम उलट्या दिशेने मांडा

तोट्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे शनिवारी रात्री सगळं एकदम करणं. प्राणी तीन दिवस आधी घडवायचे. 250 ग्रॅम फाँडंटमध्ये एक छोटा चमचा सीएमसी पावडर मळली की ते टणक वाळतं. उंच मान किंवा पाय असेल तर आत काडी घाला आणि ग्राहकाला तसं आवर्जून सांगा, कारण खाणारं लहान मूल असतं. वाळवायला खोलीतच ठेवायचं, फ्रीजमध्ये नाही. फ्रीजमधून बाहेर काढलं की त्यावर दव धरतं, चिकट होतं आणि रंग ओघळतो. पावसाळ्यात दोन दिवस जास्त धरा.

शुक्रवारी स्पंज भाजून, गार करून, गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायचा. थंड स्पंज सरळ कापला जातो आणि भुगा कमी पडतो. शनिवारी थर आणि क्रीम. गडद हिरवा हवा असेल तर रंग ओतत बसू नका. थोडा फिका ठेवून दोन-तीन तास थांबा, क्रीमचा रंग मुरून आपोआप गडद होतो. जास्त रंगाने क्रीम कडू होतं आणि मुलांची तोंडं हिरवी होतात. प्राणी केकवर शेवटच्या तासात ठेवायचे. क्रीमच्या ओलाव्याने त्यांचे पाय विरघळायला लागतात, म्हणून तळाला वितळलेल्या चॉकलेटचा पातळ थर लावून वाळवा.

याच ऑर्डरीत वरून “पंचवीस नावाच्या कुकीज पण” आलं, तर वेगळा हिशेब करा. माझ्या ओव्हनच्या एका ट्रेवर बारा कुकीज बसतात आणि एका वेळी एकच ट्रे नीट भाजला जातो, म्हणजे तीन फेऱ्या. त्याला तासभर लागतो. आयसिंगने नाव लिहायला कुकीमागे चार मिनिटं, म्हणजे आणखी शंभर मिनिटं, आणि रात्रभर वाळवण वेगळं. कणकेवरच अक्षराचा ठसा उठवून भाजल्या तर ती शंभर मिनिटं वाचतात. मी दोन्ही दर सांगते आणि निवड ग्राहकावर सोडते. ठसा उठवल्यावर ट्रे वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर ओव्हनमध्ये कुकी पसरते आणि अक्षर वाचता येत नाही.

शेवटची पायरी: केक हातातून जाताना

गंगापूर रोडवरून नाशिकरोडचा हॉल म्हणजे द्वारकेची गर्दी पार करणं आलं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी क्रीम केक रिक्षाने पाठवू नका. शक्यतो ग्राहकालाच गाडी आणायला सांगा, एसी आधीच लावून. केक सीटवर किंवा मांडीवर नाही, पायाजवळच्या सपाट जागेत ठेवायचा. सीटला उतार असतो आणि पहिल्याच ब्रेकला थर सरकतो. बॉक्स बंद करण्याआधी ग्राहकासमोर केकचा फोटो काढा, उरलेले 1035 घ्या, आणि केक कापण्याआधी अर्धा तास फ्रीजबाहेर काढायचा हे बॉक्सवर पेनने लिहून द्या.