H₂O मधला छोटा २ साध्या मेसेजमध्ये कसा टाइप करायचा

वर्डमध्ये सबस्क्रिप्टचं बटण असतं, पण तिथून H2O कॉपी करून साध्या मेसेजमध्ये पेस्ट केलं की खालचा २ परत मोठा होतो, कारण ते बटण अक्षर बदलत नाही, फक्त ते लहान करून खाली सरकवतं आणि साध्या टेक्स्टमध्ये असलं फॉरमॅटिंग टिकत नाही. युनिकोडमध्ये मात्र लहान अंकांना स्वतःचे वेगळे कोड दिलेत, ते वापरले की अंक पेस्ट केल्यावरही सहसा लहानच राहतो.

सगळ्यात सोपं म्हणजे या दोन ओळी फोनच्या नोट्समध्ये सेव्ह करून ठेवा आणि लागेल तो अंक कॉपी करा:

```
⁰¹²³⁴⁵⁶⁷⁸⁹⁺⁻
₀₁₂₃₄₅₆₇₈₉₊₋
```

बऱ्याच फोनच्या कीबोर्डवर अंक दाबून धरला की वरचा छोटा अंक मिळतो, खालचा मात्र सहसा मिळत नाही. रोज लागत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये शॉर्टकट बनवा, म्हणजे h2o टाइप केलं की H₂O सुचवलं जाईल.

कॉम्प्युटरवर कोड लक्षात ठेवणंही अवघड नाही. खालच्या अंकांसाठी 208 च्या पुढे तोच अंक लिहायचा, म्हणजे ₂ चा कोड 2082 आणि ₄ चा 2084. वरच्या अंकांसाठी 207 च्या पुढे अंक, ⁴ म्हणजे 2074, ⁰ म्हणजे 2070. पण १, २ आणि ३ इथे बसत नाहीत, त्यांचे कोड 00B9, 00B2, 00B3 आहेत. हे तीन अंक लॅटिन-१ या जुन्या संचात आधीपासून होते आणि युनिकोडने तो संच जसाच्या तसा सुरुवातीला घेतला, म्हणून पुढे बाकीचे अंक घालताना 2072 आणि 2073 या जागा रिकाम्याच ठेवल्या. तुम्ही 2072 टाकलं आणि चौकोन दिसला तर त्याचं कारण हेच.

विंडोजवर वर्डमध्ये कोड टाइप करून लगेच Alt+X दाबायचं. लिनक्सवर बऱ्याच ठिकाणी Ctrl+Shift+U, मग कोड, मग एंटर. वर्डमध्ये एक गोष्ट मात्र नक्की नडते, ती म्हणजे कोडमध्ये 0 ते 9 आणि A ते F ही सगळी चालतात, त्यामुळे C₂H₅OH लिहिताना C2082 टाइप करून Alt+X दाबलं की वर्ड त्या C ला पण कोडचाच भाग समजतो आणि भलतंच काहीतरी येतं, घातांकात तर हे हमखास होणार कारण आधी 10 सारखा अंकच असतो. अशा वेळी फक्त 2082 एवढंच माउसने सिलेक्ट करा आणि मग Alt+X दाबा.

आता एक पूर्ण उदाहरण करू, अॅल्युमिनियम सल्फेट. आधी सगळं साधं लिहा, Al2(SO4)3, मग डावीकडून एकेक अंक बदलत जा: 2 च्या जागी ₂, 4 च्या जागी ₄, कंसाबाहेरच्या 3 च्या जागी ₃, झालं Al₂(SO₄)₃. समीकरणात रेणूच्या आधी येणारा अंक मोठाच ठेवायचा, 2H₂O मधला पहिला 2 रेणूंची संख्या सांगतो, त्याला हात लावू नका. सल्फेट आयन लिहायचा असेल तर SO₄²⁻, पुस्तकात ४ आणि २⁻ एकाखाली एक छापतात पण साध्या ओळीत ते जमत नाही, म्हणून आधी खालचा अंक, मग वरचा भार. वजा चिन्ह ⁻ हेच घ्या (कोड 207B), साधी आडवी रेघ टाकली तर ती मधोमध येते आणि 10⁻⁷ वाचताना गोंधळ होतो. देवनागरी अंकांना असे छोटे रूप युनिकोडमध्ये नाहीत, त्यामुळे १० चा वर्ग लिहिताना घातांक ² असाच येणार.

10²⁴ मध्ये २ आणि ४ कधीकधी वेगवेगळ्या उंचीचे दिसतात, कारण फॉन्टमध्ये ² असतो पण ⁴ नसतो आणि मग तो दुसऱ्या फॉन्टमधून उसना घेतला जातो, फॉन्ट बदलला की ठीक होतं.

खरी काळजी घ्यायची ती इथे. काही सॉफ्टवेअर टेक्स्ट साठवताना "स्वच्छ" करतात आणि छोट्या अंकांचे साधे अंक करून टाकतात. H₂O चं H2O झालं तर काही बिघडत नाही, वाचणाऱ्याला कळतं, पण 6.022×10²³ चं 6.022×1023 झालं की आकडाच बदलला, आणि बघणाऱ्याला चूक झालीये हे कळायला काही मार्ग नाही. म्हणून जिथे मजकूर फॉर्ममध्ये किंवा डेटाबेसमध्ये जाणार असेल तिथे घातांकासाठी मी 10^23 असंच लिहीन. एक्सेलमध्ये सेलमध्ये 10² टाकून गणित होईल अशीही अपेक्षा ठेवू नका, एक्सेल त्याला नुसतं टेक्स्ट समजतं, तिथे =10^2 च लागतं.