कोटेशनची तारीख हुकली, तेव्हा पाठवलेला मेल

ग्राहकाला यंत्राचं कोटेशन मंगळवारी देतो म्हणालो होतो. गुरुवार उजाडला तरी इन्स्टॉलेशनचा खर्च आमच्याच टीमकडून आला नव्हता. मेलच्या मसुद्यात तीनदा माफी आणि आमच्या अडचणींची कहाणी होती. ती खोडली. समोरच्याला वरिष्ठांना सांगायला तारीख हवी असते.

लिहिण्याआधी खर्च काढणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, सोमवारी देतो. मी मेलमध्ये बुधवार लिहिला. घाईत ‘उद्या नक्की’ लिहिलं असतं तर दुसरीही तारीख हुकली असती.

मग जुन्याच मेलला, विषय न बदलता, उत्तर दिलं:

“नमस्कार मॅडम, मंगळवारी कोटेशन पाठवायचं कबूल केलं होतं, ते पाठवलं नाही, क्षमस्व. यंत्राची किंमत पक्की झाली आहे, सोबत जोडली आहे. इन्स्टॉलेशनचा खर्च बुधवारी संध्याकाळी ५ पर्यंत पाठवतो. त्याआधी निर्णय घ्यायचा असेल तर कळवा, अंदाजे आकडा आजच देतो.”

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं: उशिरामुळे त्यांचं काही अडलंय का, ते त्यातून कळतं. सवलत मात्र देऊ केली नाही. न मागता दिली की मूळ किंमतच फुगवलेली होती असं वाटतं.

उत्तर आलं, “बुधवार चालेल, आमची मीटिंग शुक्रवारी आहे.” खर्च माझ्या हाती मंगळवारी आला. लगेच पाठवला.