वर्षाचा प्लॅन की महिन्याचा? खरं स्वस्त कुठलं ते असं काढा

मागच्या महिन्यात खानापूरच्या मामांचा फोन आला, हेल्थ पॉलिसी रिन्यू करायची होती, वर्षाचे एकदम भरले तर 18,000 आणि महिन्याला भरले तर 1,575. मामा म्हणाले, "बारा हप्त्यांचे 18,900 होतात, 900 च जास्त जातंय, म्हणजे पाच टक्के. एफडीला त्याहून जास्त मिळतंय की, मग महिन्यालाच भरतो." ऐकायला बरोबर वाटतंय, पण यात एक चूक हाय आणि बहुतेक सगळ्यांची तीच होते.

हप्ता म्हणजे एक प्रकारची उधारीच, पण ती उधारी पूर्ण 18,000 ची वर्षभर नसते. पहिला हप्ता पहिल्याच दिवशी जातो, मग दर महिन्याला बाकी कमी होत जाते, शेवटी तर एकच हप्ता उरलेला असतो. म्हणजे सरासरी निम्मेच पैसे तुमच्याकडे राहतात आणि जादाचे 900 मात्र पूर्ण द्यावे लागतात.

म्हणून हिशोब असा करा. आधी वर्षाच्या रकमेतून पहिला हप्ता वजा करा, 18,000 वजा 1,575 म्हणजे 16,425, ही तुमची खरी उधारी. मग जादा जाणारे पैसे दुप्पट करा, 900 चे 1,800. आता 1,800 ला 16,425 नं भागा आणि शंभरनं गुणा, साधारण 11 येतात. म्हणजे मामांना पाच नाही, वर्षाला 11 टक्के व्याज पडतंय. बारा हप्ते असतील तर हे गणित जवळजवळ बरोबर येतं, मोबाईलवरचा साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

आता हा आकडा कशाशी लावायचा? पैसे हातात असतील तर ते एरवी कुठं राहिले असते ते बघा. एफडीला 11 टक्के मिळत नाहीत, तेव्हा मामांनी एकदम भरणंच बरं. पण एकदम भरायला कुणाकडून शेकडा दोन रुपये महिन्यानं काढावे लागणार असतील तर ते वर्षाला 24 टक्के झाले, मग हप्ताच स्वस्त. मामांचं ऊसाचं बिल आलेलं होतं म्हणून प्रश्न मिटला.

दरवेळी वर्षाचाच जिंकतो असं पण नाही बरं का. एलआयसीच्या बऱ्याच पॉलिसीत वर्षाचा प्रीमियम एकदम भरला तर मूळ प्रीमियमवर 2 टक्के सूट असते. वरचंच गणित लावलं तर महिन्याला भरण्याचं व्याज साडेचार टक्क्यांच्या आसपास येतं. पैसे सहा टक्क्यांच्या एफडीत असतील तर हप्ताच परवडतो, नुसते सेव्हिंग खात्यात पडून असतील तर एकदम भरून टाका.

हेल्थ पॉलिसीत पैशाशिवाय दोन गोष्टी आणखी बघा. महिन्याच्या हप्त्याला ग्रेस पिरियड, म्हणजे तारीख चुकल्यावर भरायला मिळणारी मुदत, 15 दिवसांचा असतो, वर्षाच्याला 30. खात्यात बॅलन्स नसला, ऑटो डेबिट फेल गेलं आणि मेसेज कुणी वाचलाच नाही तर पॉलिसी बंद पडते आणि जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, परत पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. दुसरं म्हणजे क्लेम आला की उरलेले सगळे हप्ते लगेच देणं लागतात, कंपनी ते क्लेममधून कापून घेऊ शकते. समजा तीन हप्ते भरलेत आणि 60,000 चा क्लेम झाला, तर नऊ हप्त्यांचे 14,175 कापून हातात 45,825 च येतील. पैसे बुडत नाहीत, ते द्यायचेच होते, पण दवाखान्याचं बिल भरायच्या दिवशी तेवढी सोय दुसरीकडून करावी लागते.

जिम आणि ओटीटीला मात्र व्याजाचं गणित लावू नका, तिथं वापर मोजा. जिमचे महिन्याला 1,000 आणि वर्षाला 8,000 असतील तर 8,000 भागिले 1,000 म्हणजे आठ, आठ महिने खरंच गेलात तरच दोन्ही सारखे पडतात. मागच्या वर्षी किती महिने गेला होता ते आठवा, आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस असा लागतो की पहाटे कोण बाहेर पडतंय, शिवाय गणपती, लगीनसराई. सहा-सातच महिने निघत असतील तर महिन्याचाच घ्या, बंद केलेल्या महिन्याचे पैसे तरी वाचतात.

मोबाईल रिचार्जला "महिना" म्हणजे किती दिवस ते आधी बघा. 28 दिवसांचा पॅक असला तर वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज मारावे लागतात. 299 चा पॅक असेल तर 3,588 नाही, 3,887 होतात, वर्षाच्या पॅकची किंमत या आकड्याशी लावून बघा, आणि रोजचा डेटा दोन्हीत सारखाच हाय का तेही तपासा, कारण वर्षाच्या पॅकात कधीकधी तो कमी असतो.